काकीच्या लक्षात काय राहतं: मजकुरावर चालणाऱ्या छोट्या खेळातल्या लपलेल्या नोंदी

वाचणाऱ्याला निवड करू द्यायची आणि त्या निवडीचा परिणाम पुढे खरोखर दाखवायचा, असं ठरवलं की पहिली अडचण गणिताची येते. समजा गोष्टीत पाच ठिकाणी निवड आहे आणि दर ठिकाणी तीन पर्याय आहेत. प्रत्येक पर्यायाची स्वतंत्र फांदी लिहायची म्हटली तर एका प्रसंगाचे तीन होतात, तिनाचे नऊ, मग २७, मग ८१ आणि शेवट २४३. सगळे मिळून ३६४ तुकडे. एक तुकडा दीडशे शब्दांचा धरला तरी ५४,६०० शब्द लिहावे लागतात आणि एका वेळी खेळणारा त्यातले फक्त ९०० वाचतो. एकट्याने, सुट्टीच्या दिवसांत लिहायच्या खेळाला हे परवडणारं नाही. परवडलं तरी बहुतेक फांद्या हडकुळ्या निघतात, कारण लिहिणाऱ्याचा जीव २४३ शेवटांत सारखा वाटला जात नाही.

या अडचणीवर आजवर निघालेल्या वाटा थोडक्यात पाहू. एडवर्ड पॅकार्डचं ‘द केव्ह ऑफ टाइम’ १९७९ साली आलं आणि ‘तुमचं साहस तुम्हीच निवडा’ या धर्तीच्या पुस्तकांची प्रसिद्ध मालिका त्यापासून सुरू झाली. ते पुस्तक फांद्या वाढू देतं, पण लवकर छाटतं. काही पानांतच शेवट येतो. वाचक कुठून आला हे पानाला कळायचा मार्ग नसतो. १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांनी ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’मध्ये वाचकाच्या हाती पेन्सिल आणि नोंदीचा तक्ता दिला. ताकद, कौशल्य, नशीब आणि पिशवीतल्या वस्तू यांचा हिशेब वाचकानेच ठेवायचा. ४०० क्रमांकित परिच्छेदांच्या त्या पुस्तकात शेवटच्या पेटीच्या किल्ल्यांवर आकडे होते. योग्य किल्ल्या आधी मिळवल्या असतील तरच पुढचा परिच्छेद सापडे. आधीचा निर्णय नंतरच्या प्रसंगात उगवला, पण वाचकापासून काहीच लपून राहिलं नाही, कारण हिशेबनीस तोच होता.

संगणक आल्यावर हिशेब पडद्याआड गेला. आज छोटा खेळ करणाऱ्यासमोर तीन साधनं प्रामुख्याने असतात. क्रिस क्लिमासचं ट्वाइन २००९ पासून आहे. चॉइस ऑफ गेम्स या संस्थेची चॉइसस्क्रिप्ट त्याच सुमाराची. केंब्रिजच्या इंकल स्टुडिओने स्वतःच्या खेळांसाठी घडवलेली इंक ही भाषा २०१६ साली सगळ्यांना मोफत खुली केली. तिन्हींमध्ये आकडा किंवा ‘झालं / नाही झालं’ अशी नोंद ठेवता येते आणि पुढे ती वाचून मजकूर बदलता येतो. सॅम काबो ॲशवेल यांनी २०१५ मध्ये अशा खेळांच्या रचनांची एक वर्गवारी मांडली. तिच्यातला आपल्या कामाचा प्रकार असा, की फांद्या फुटतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एका अरुंद प्रसंगात येऊन मिळतात. प्रसंग सगळ्यांना तोच दिसतो, पण आत शिरणाऱ्याच्या खिशात वेगवेगळ्या नोंदी असतात. फेलबेटर गेम्सच्या ‘फॉलन लंडन’ने पुढची पायरी गाठली. तिथे प्रसंग एका ओळीत जोडलेलेच नाहीत; नोंदी जुळतील तो प्रसंग खेळणाऱ्यापुढे उघडतो. शेकडो प्रसंगांच्या खेळाला ते उत्तम आहे. पाच-सहा प्रसंगांच्या खेळात मात्र उघडायला पुरेसे प्रसंगच नसतात, म्हणून इथे मी अरुंद जागांच्या रचनेवरच थांबतो.

या रचनेबद्दल माझं ठाम मत आहे. नोंद कुठे करायची हा दुय्यम प्रश्न आहे. ती कुठे वाचायची हे आधी ठरवावं. बहुतेक आराखडे उलट्या दिशेने बनतात. पहिल्याच प्रसंगात धैर्य, दया, कीर्ती, संशय असे सहा आकडे उभे राहतात, दर पर्यायाला त्यांत भर पडत जाते आणि शेवटी त्यातले दोनच कुठेतरी तपासले जातात. उरलेले चार खेळणाऱ्याच्या दृष्टीने नसतातच.

एक खेळ घेऊन हे उलगडून पाहू. नाव ‘वाटणी’. मुंबईत राहणारा पुतण्या चुलत्याच्या मृत्यूनंतर कोकणातल्या घरी येतो. वारसनोंद झाली आहे, सातबाऱ्यावर त्याचं आणि काकीचं अशी दोन नावं आहेत, आणि जागा विकायची तर काकीची सही लागेल. पाच प्रसंग: संध्याकाळचं अंगण, रात्रीची पडवी, माजघरातली ट्रंक, सकाळची बाग आणि दुय्यम निबंधकांचं कार्यालय. त्यानंतर चार शेवट.

आराखडा कार्यालयापासून सुरू करायचा. त्या प्रसंगात काय वेगळं घडू शकलं तर खेळणाऱ्याला आपल्या आधीच्या वागण्याची आठवण होईल? मला तीन गोष्टी दिसतात. जमीन-एजंट सर्वांसमोर “सौदा पक्का ना?” असं विचारतो, तेव्हा काकीला हे आधी ठाऊक आहे की नाही. ट्रंकेत आजोबांच्या हातची एक चिठ्ठी आहे, घराखालची जागा धाकट्या सुनेची असं सांगणारी. ती पुतण्याला माहीत आहे का आणि त्याच्याजवळ आहे का. आणि सही करायची की नाही हे ठरवताना काकीचं मन त्याच्याकडे किती झुकलेलं आहे. नोंदी इतक्याच. त्यापलीकडची एकही नको.

या तिन्ही नोंदी एका जातीच्या नाहीत. पहिल्या दोन घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवतात: पडवीत तो खरं बोलला, खोटं बोलला की टाळलं, चिठ्ठीला हात लावला नाही, वाचून परत ठेवली की खिशात घातली. तिसरी नोंद मोजते: विश्वास कमी किंवा जास्त. घटनेच्या नोंदीचा फायदा असा, की नंतरचं वाक्य त्या घटनेचं नाव घेऊ शकतं. “त्या रात्री तू मला सहज आलो म्हणालास” हे काकी म्हणू शकते. विश्वास दोन आहे यावरून तिला असं काही ठोस बोलता येत नाही. फार तर ती हसेल किंवा तोंड फिरवेल. छोट्या खेळात घटनेच्या नोंदी जास्त ठेवाव्यात आणि मोजमापाची एकच, हे मला म्हणूनच पटतं.

पडवीचा प्रसंग इंकमध्ये साधारण असा दिसेल:

```
VAR vishwas = 0
VAR bolna = 0   // 0 टाळलं, 1 खरं, 2 खोटं

=== padvi ===
काकी विचारते, "किती दिवस राहणार?"
* "जागेचं बोलायला आलोय, काकी."
    ~ bolna = 1
* "सहज आलो. तुझी आठवण आली."
    ~ bolna = 2
    ~ vishwas += 1
* "बघू."
- -> trunk
```

नोंदींची नावं रोमन अक्षरांत ठेवली आहेत, कारण ती फक्त लिहिणाऱ्याला दिसतात. खेळणाऱ्यासमोर येणारा मजकूर देवनागरीत आहे. लक्ष द्यायचं ते दुसऱ्या पर्यायाकडे. खोटं बोलल्यावर विश्वास वाढतो आणि खरं बोलल्यावर जागचा हलत नाही. असंच असायला हवं. गोड खोटं त्या क्षणी कामी येतं, म्हणूनच माणूस ते बोलतो. चांगल्या निवडीला ताबडतोब बक्षीस आणि वाईट निवडीला ताबडतोब दंड दिला, तर उशिरा उगवायला काही शिल्लकच राहत नाही.

ते उगवतं कार्यालयात:

```
=== karyalay ===
एजंट हात पुढे करतो. "सौदा पक्का ना?"
{ bolna:
- 1: "मला सांगितलंय त्यानं," काकी म्हणते.
- 2: 
    ~ vishwas -= 2
    काकी पदर सावरते. "सहज आला होतात ना?"
- else: "कसला सौदा?" काकी तुझ्याकडे बघते.
}
```

एजंटचं वाक्य सर्वांना एकच. प्रसंगाची रचना, माणसं, पुढचे बहुतेक पर्याय, सगळं सामाईक आहे. बदलतात त्या एक-दोन ओळी, पण त्या पडवीतल्या रात्रीकडे थेट बोट दाखवतात. खेळणाऱ्याला स्वतंत्र फांदी लिहिल्यासारखं वाटतं आणि लिहिणाऱ्याचा खर्च मात्र वीसेक शब्दांचा असतो. पाच प्रसंग दीडशे शब्दांचे, दर पर्यायानंतरचं उत्तर चाळीस शब्दांचं, बदलत्या ओळी आणि चार शेवट असं सगळं धरून ‘वाटणी’ सव्वादोन हजार शब्दांत बसते. खेळणारा त्यातला निम्मा भाग एका बैठकीत वाचतो.

आता विश्वासाचा आकडा. चुका सर्वांत जास्त इथेच होतात, म्हणून तो हाताने मोजून बघावा. अंगणात काकीजवळ चहाला बसलं तर एक वाढतो, एकट्याने परसात फिरलं तर तसाच राहतो, तिच्यादेखत एजंटला फोन लावला तर एक घटतो. पडवीचं वर पाहिलंच. ट्रंकेच्या प्रसंगात तो हलत नाही, कारण काकी तिथे नाही. जे पात्राला ठाऊकच नाही त्याने त्याचं मत बदलू नये. बागेत काकीबरोबर सुपाऱ्या वेचल्या तर एक वाढतो, गड्याला घरच्या कर्जाबद्दल विचारलं तर तसाच, एजंटला बाग दाखवली तर एक घटतो. म्हणजे कार्यालयात पाऊल टाकताना विश्वास उणे दोन ते अधिक तीन यांच्या दरम्यान असतो.

तीन प्रसंगांतल्या तीन-तीन पर्यायांच्या एकूण २७ जोड्या होतात. त्या कागदावर मांडल्या की उणे दोन दोनदा येतो, उणे एक पाचदा, शून्य आठदा, एक सातदा, दोन चारदा आणि तीन फक्त एकदा. समजा मनात असं आलं, की काकीची मनापासूनची सही फार दुर्मिळ असावी, म्हणून कसोटी तीनवर ठेवावी. मग ती सही २७ पैकी एकाच वाटेने मिळते, आणि ती वाट चहा, खोटं आणि सुपाऱ्या अशी आहे. खरं बोलणाऱ्याचा विश्वास दोनच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे खेळाने नकळत खोटं बोलणाऱ्यालाच सर्वोत्तम शेवट राखून ठेवला. कोणत्याही एका ओळीत चूक दिसत नाही. ती मांडणीतूनच बाहेर येते. कार्यालयातली दोनची वजावट आधी झाली तर तो शेवट कुणालाच मिळत नाही. लिहिलेला, आवडीने सजवलेला शेवट कायमचा बंद राहतो आणि लेखकाला पत्ताही लागत नाही.

कसोटी एकवर आणली आणि वजावट तपासणीच्या आधी केली, की चित्र बदलतं. खरं बोलणाऱ्याच्या नऊ वाटांपैकी तीन, टाळणाऱ्याच्या नऊपैकी तीन आणि खोटं बोलणाऱ्याच्या नऊपैकी एक अशा सात वाटा सहीपर्यंत पोचतात. खोटं बोलणाऱ्यालाही दार पूर्ण बंद नाही. अंगण आणि बाग दोन्हीकडे तो काकीसोबत राहिला असेल तर ती दुखावूनही सही करते. हा शेवट मला चारांतला सर्वांत खरा वाटतो.

पण याच हिशेबात आणखी एक पोकळी सापडते. खरं बोलणं आणि टाळणं यांचे आकडे तंतोतंत सारखे आहेत. कार्यालयातली एक ओळ सोडली तर दोघांत फरक नाही. काकीसारख्या बाईला मात्र टाळाटाळ आणि स्पष्टपणा सारखा वाटणार नाही. यावर टाळण्याचा विश्वास घटवणं हा सोपा उपाय आहे, पण मला तो पसंत नाही. त्याऐवजी बागेच्या प्रसंगात एक ओळ घालावी: खरं बोललेल्यालाच काकी स्वतःहून कर्जाची गोष्ट सांगते, टाळणाऱ्याला ती गड्याकडून काढून घ्यावी लागते. दोघांना मिळणारी माहिती एकच, पण ती कुणाच्या तोंडून आली हे वेगळं. दोन नोंदी शेवटी समान परिणाम देत असतील तर त्यांना वेगळं ठेवणारा एखादा मधला प्रसंग शोधावा. तो सापडत नसेल तर पर्यायच काढून टाकावा.

चॉइसस्क्रिप्टमध्ये आकडा शंभराच्या आत ठेवण्याची वेगळी सोय आहे. तिथे `%+ 20` लिहिलं की उरलेल्या अंतराचा पाचवा भाग मिळवला जातो: पन्नासचे साठ होतात, पण नव्वदचे ब्याण्णवच. अडीच लाख शब्दांच्या कादंबरीवजा खेळात, जिथे एकच गुण शंभर वेळा हलतो, ते आवश्यक आहे. तीन वेळा हलणाऱ्या आकड्याला साधी बेरीज पुरते, आणि २७ जोड्या कागदावर मोजता येतात हा तिचा मोठा गुण आहे.

आकडा दाखवावा की लपवावा, यावर या क्षेत्रात दोन मतं आहेत. चॉइस ऑफ गेम्सचे खेळ सहसा गुणांचं पान उघडं ठेवतात. खेळणारा आपलं पात्र घडवत असतो आणि ते कुठे पोचलं हे त्याला बघायचं असतं. टेलटेलच्या २०१२ च्या ‘द वॉकिंग डेड’ने मधली वाट लोकप्रिय केली: अमक्याच्या हे लक्षात राहील, एवढंच पडद्यावर सांगायचं. ‘वाटणी’सारख्या घरगुती गोष्टीत मी आकडाही दाखवणार नाही आणि सूचनाही देणार नाही. माणूस माणसाचं मन आकड्यात वाचत नाही. मात्र आकडा लपवला म्हणून परिणाम लपवता येत नाही. विश्वास हलला की बोलण्यात, वागण्यात काहीतरी दिसलंच पाहिजे, नाहीतर कार्यालयातला नकार आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

मराठीत लिहिणाऱ्याजवळ यासाठी एक फार चांगलं हत्यार आहे. काकी पुतण्याला ‘तू’ म्हणते, ‘जेवलास का रे’ विचारते. विश्वास शून्याच्या खाली गेला किंवा खोटं उघडं पडलं, की ती त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागते. वरच्या तुकड्यात ती “सहज आला होतात ना?” म्हणते ते म्हणूनच. घरच्या माणसाला अचानक मिळालेला आदर किती बोचतो हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. बागेत हा बदल एका वाक्यापुरता आला तरी खेळणारा सावध होतो आणि बागेतली निवड अजून त्याच्या हाती असते.

याच भाषेची एक अडचणही आराखड्यातच सोडवावी लागते. खेळणाऱ्याला ‘तू’ म्हटलं की गेलास की गेलीस, बसतोस की बसतेस हे ठरवणं भाग पडतं. पुतण्या की पुतणी, ही नोंद सुरुवातीलाच घेतली तर पुढे दर क्रियापदाजवळ अट लिहावी लागते. तिथे एक जरी अट सुटली तरी खेळ मोडल्यासारखा दिसतो. निवेदनात ‘तुम्ही गेलात’ म्हटलं तर लिंग लपतं, पण मग काकीच्या ‘तुम्ही’ची धार बोथट होते. ‘तू दार उघडलंस’ अशी वाक्यं दोघांनाही चालतात, कारण तिथे क्रियापद दाराशी जुळतं. सगळा खेळ त्यावर पेलता येत नाही. ‘वाटणी’पुरतं पात्र पुतण्याच ठरवून टाकणं हा मला सरळ मार्ग वाटतो.

चिठ्ठीचा धागा मी शेवटी लिहिला, कारण तो सर्वांत कमी कष्टाचा आहे. `kagad` ही नोंद दोन असेल, म्हणजे चिठ्ठी खिशात असेल, तरच कार्यालयात ‘खिशातली चिठ्ठी काढ’ हा पर्याय दिसतो. ज्याने ती वाचून परत ठेवली त्याला काकीपुढे “आजोबांनी लिहिलेलं मला माहीत आहे” म्हणता येतं, आणि व्यवहार थांबवण्याचा शेवट त्यातूनच उघडतो. इंकमध्ये कोणता प्रसंग किंवा पर्याय किती वेळा घडला हे आपोआप मोजलं जातं, त्यामुळे अशा काही नोंदी वेगळ्या ठेवाव्याही लागत नाहीत. मी तरी त्या नाव देऊन ठेवतो. तीन महिन्यांनी आराखडा उघडला की नाव वाचून आठवतं.

तपासणीचे दोन थर असतात. पहिला यंत्राचा. चॉइसस्क्रिप्टसोबत येणारी ‘रँडमटेस्ट’ हजारो वेळा वाटेल ते पर्याय निवडून खेळ संपवते आणि कोणती ओळ किती वेळा आली ते सांगते. शून्य वेळा आलेली ओळ हा बंद दरवाजा. इंक किंवा ट्वाइन वापरणाऱ्याने २७ जोड्यांचा तक्ता भरला तरी तेच कळतं. त्या तक्त्याला आणखी दोन रकाने जोडावेत: ही नोंद कुठे होते आणि कुठे वाचली जाते. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद पुसावी. पहिला रिकामा राहिला तर अट कधीच खरी होणार नाही.

दुसरा थर माणसाचा, आणि त्याला पर्याय नाही. आराखडा ठाऊक नसलेल्या कुणाला तरी एकदाच खेळू द्यावं, शेजारी बसून काही बोलू नये, आणि संपल्यावर एवढंच विचारावं, की काकीने सही केली किंवा केली नाही, ती का? “मी पडवीत खोटं बोललो म्हणून” असं उत्तर आलं तर नोंद पोचली. “ती आधीपासूनच हट्टी होती” असं आलं, तर आकडे कितीही बरोबर असोत, बागेत किंवा पडवीत एक ओळ कमी आहे. ती ओळ लिहावी, आणि पुढच्या वेळी ज्याने हा खेळ पाहिलेला नाही अशा माणसाला बोलवावं.